अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण आणि ईस्टरीभवन: बारावीच्या चाचणीआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाचणीसाठी नेमके कोणते क्रियात्मक गट पक्के हवेत?

या भागापुरते पाच: अल्कोहोल (–OH), अल्डिहाइड (–CHO), कीटोन (>C=O, दोन्ही बाजूंना कार्बन), कार्बोक्झिलिक आम्ल (–COOH) आणि ईस्टर (–COO–, पुढे कार्बन). हे पाच सुटे पाठ करू नका. एकाच कार्बनकडे बघा आणि त्याला ऑक्सिजनचे किती बंध आहेत ते मोजा. अल्कोहोलमध्ये त्या कार्बनला ऑक्सिजनचा एक बंध असतो, अल्डिहाइड आणि कीटोनमध्ये दोन, आम्ल आणि ईस्टरमध्ये तीन. ऑक्सिडीकरण म्हणजे या जिन्यावर वर चढणं. आम्लापासून ईस्टर होतो तेव्हा बंधांची संख्या तीनच राहते, म्हणून ईस्टरीभवन हे ऑक्सिडीकरणही नाही आणि क्षपणही नाही. ‘पुढीलपैकी कोणती अभिक्रिया ऑक्सिडीकरणाची नाही’ असा एका गुणाचा प्रश्न आला, तर बंध मोजले की उत्तर हातात.

प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक अल्कोहोल ओळखताना गोंधळ होतो. काय बघायचं?

फक्त –OH ज्या कार्बनवर बसला आहे तो कार्बन. त्याच्यावर हायड्रोजन दोन असतील तर प्राथमिक, एक असेल तर द्वितीयक, एकही नसेल तर तृतीयक. (मिथेनॉलमध्ये तीन असतात, तरी त्याला प्राथमिकांतच धरतात.) साखळी किती लांब आहे, तिला फांद्या आहेत का, याच्याशी काही देणंघेणं नाही.

C₄H₁₀O या सूत्राचे चार अल्कोहोल घ्या. ब्युटेन-१-ऑल CH₃CH₂CH₂CH₂OH प्राथमिक. ब्युटेन-२-ऑल CH₃CH(OH)CH₂CH₃ द्वितीयक. २-मिथिलप्रोपेन-२-ऑल (CH₃)₃COH तृतीयक. उरला २-मिथिलप्रोपेन-१-ऑल, (CH₃)₂CHCH₂OH. इथे बरेच जण घसरतात. फांदी दिसली, नावात ‘मिथिल’ दिसलं, की हात आपोआप ‘द्वितीयक’ लिहितो. पण –OH आहे तो कार्बन CH₂ आहे, म्हणजे हा प्राथमिकच. फांदी शेजारच्या कार्बनवर आहे.

‘किती हायड्रोजन’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

तृतीयक अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण का होत नाही? ‘होत नाही’ एवढंच लिहिलं तर चालेल का?

एका गुणाला चालेल. ‘कारण द्या’ असेल तर नाही.

आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटच्या द्रावणात क्रोमिअम +६ अवस्थेत असतं. अल्कोहोलचा ऑक्सिजन आधी त्या क्रोमिअमला जोडला जातो आणि क्रोमेट ईस्टर नावाचा मधला पदार्थ तयार होतो. इथपर्यंत तिन्ही प्रकारचे अल्कोहोल पोहोचू शकतात. खरी कसोटी पुढच्या पायरीवर आहे. कार्बनवरचा एक हायड्रोजन H⁺ म्हणून सुटतो, C–H बंधातले इलेक्ट्रॉन कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये सरकून दुहेरी बंध बनवतात, आणि O–Cr बंधातले इलेक्ट्रॉन क्रोमिअमकडे जातात. कार्बनचं ऑक्सिडीकरण झालं, क्रोमिअमचं क्षपण झालं.

तृतीयक अल्कोहोलमध्ये त्या कार्बनवर हायड्रोजनच नाही, तर सुटणार काय? C=O करायचा तर C–C बंध तोडावा लागेल आणि सौम्य परिस्थितीत तो तुटत नाही. उत्तरात हे एक वाक्य हवंच: ‘हायड्रॉक्सिल गट असलेल्या कार्बनवर हायड्रोजन नसल्यामुळे C=O तयार होण्यासाठी C–C बंध तुटावा लागतो.’

एक मर्यादाही सांगून ठेवतो. तृतीयक अल्कोहोल आम्लयुक्त द्रावणात बराच वेळ गरम केला तर त्याचं निर्जलीकरण होऊन अल्कीन तयार होतं आणि त्या अल्कीनचं ऑक्सिडीकरण होऊ शकतं. त्यामुळे फार तापवलेल्या परीक्षानळीत रंग हळूहळू बदललेला दिसला, तर तो तृतीयक अल्कोहोलने नियम मोडल्याचा पुरावा नाही. चाचणी सौम्य उष्णतेवर, थोड्या वेळापुरतीच करायची.

प्राथमिक अल्कोहोलपासून अल्डिहाइड मिळेल की आम्ल, हे कशावर ठरतं?

तयार झालेल्या अल्डिहाइडला पाणी आणि ऑक्सिडक यांच्या संगतीत किती वेळ राहू दिलं, यावर.

पाणी का, हे पुस्तकात सहसा ओझरतं येतं, पण तेच समजून घेण्यासारखं आहे. अल्डिहाइड, उदाहरणार्थ इथेनॅल CH₃CHO, पाण्यात काही प्रमाणात CH₃CH(OH)₂ या हायड्रेट रूपात असतो. आता या हायड्रेटकडे मघाच्याच नजरेने बघा: –OH असलेल्या कार्बनवर एक हायड्रोजन शिल्लक आहे. म्हणजे ऑक्सिडकाच्या दृष्टीने हा पुन्हा एक अल्कोहोलच झाला. तोच क्रोमेट ईस्टर, तोच हायड्रोजन सुटणं, आणि हाती येतं इथेनॉइक आम्ल. कीटोनचं हायड्रेट झालं तरी त्या कार्बनवर हायड्रोजन उरत नाही, म्हणून द्वितीयक अल्कोहोलचा प्रवास कीटोनवर थांबतो.

यावरून अल्डिहाइड वाचवायचे दोन मार्ग आपोआप सुचतात.

पहिला मार्ग म्हणजे तो तयार होताक्षणी भांड्याबाहेर काढणं. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, इथेनॅल सुमारे २१ अंशांना. अल्डिहाइडमध्ये O–H नाही, त्यामुळे त्याच्या रेणूंमध्ये आपसांत हायड्रोजन बंध होत नाहीत आणि ते सहज उडतं. म्हणून गरम इथेनॉल-आम्ल मिश्रणात डायक्रोमेटचं द्रावण थेंब थेंब सोडतात, इथेनॉल जास्त ठेवतात, आणि ऊर्ध्वपातनाने इथेनॅल लगेच बाहेर काढून बर्फात ठेवलेल्या पात्रात गोळा करतात. उलट आम्लच हवं असेल तर ऑक्सिडक जास्त घेतात आणि उभा संघनक लावून रिफ्लक्स करतात. बाष्प वर जातं, थंड होतं, पुन्हा भांड्यात पडतं. अल्डिहाइडला सुटका नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पाणीच नको. पिरिडिनिअम क्लोरोक्रोमेट, म्हणजे नेहमीचं पीसीसी, डायक्लोरोमिथेनसारख्या निर्जल द्रावकात वापरलं की हायड्रेट तयार होत नाही आणि अभिक्रिया अल्डिहाइडवर थांबते. ‘पीसीसी सौम्य ऑक्सिडक आहे’ हे उत्तर बरोबर आहे; ‘निर्जल माध्यमामुळे अल्डिहाइडचं हायड्रेट होत नाही’ हे जोडलंत तर तपासणाऱ्याला शंकाच राहत नाही.

प्रश्नात फक्त ‘आम्लयुक्त K₂Cr₂O₇, उष्णता’ किंवा ‘अल्कधर्मी KMnO₄, नंतर H₃O⁺’ असं दिलं असेल आणि ऊर्ध्वपातनाचा उल्लेख नसेल, तर प्राथमिक अल्कोहोलसाठी आम्ल लिहा.

नारिंगी रंग हिरवा झाला म्हणजे काय सिद्ध झालं?

एवढंच की नळीतल्या कशाचं तरी ऑक्सिडीकरण झालं आणि डायक्रोमेटचं Cr³⁺ झालं. नळीत प्राथमिक अल्कोहोल होता की द्वितीयक, हे रंग सांगत नाही. अल्डिहाइडही डायक्रोमेट हिरवं करतो. ‘रंग हिरवा झाला, म्हणून प्राथमिक अल्कोहोल’ हा निष्कर्ष अर्धवट आहे.

पुढची पायरी म्हणजे उत्पादित पदार्थ तपासणं. २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन टाकल्यावर पिवळा ते नारिंगी अवक्षेप आला तर अल्डिहाइड किंवा कीटोन आहे. मग टॉलेन्सचं अभिकारक घ्या: चांदीचा आरसा आला तर अल्डिहाइड, नाही आला तर कीटोन. आणि सोडिअम बायकार्बोनेटच्या द्रावणात बुडबुडे आले तर आम्ल. मात्र ही शेवटची चाचणी थेट अभिक्रियेच्या भांड्यातल्या मिश्रणावर केली तर ती निरर्थक ठरते, कारण त्यात आपणच टाकलेलं सल्फ्युरिक आम्ल बसलेलं असतं. आधी ऊर्ध्वपातनाने उत्पादित वेगळं करायचं.

समीकरण संतुलित करायला सांगितलं तर? [O] लिहून भागेल?

साध्या प्रश्नात CH₃CH₂OH + 2[O] → CH₃COOH + H₂O चालतं. अल्डिहाइडपर्यंत एक [O], आम्लापर्यंत दोन, आणि दोन्ही वेळा उजवीकडे एक रेणू पाणी. पाणी विसरू नका, समीकरण तिथेच लंगडतं.

आयनिक समीकरण मागितलं तर अर्ध-अभिक्रिया लिहा. इथेनॉलपासून इथेनॉइक आम्ल होताना चार इलेक्ट्रॉन सुटतात:

CH₃CH₂OH + H₂O → CH₃COOH + 4H⁺ + 4e⁻

डायक्रोमेट सहा इलेक्ट्रॉन घेतो:

Cr₂O₇²⁻ + 14H⁺ + 6e⁻ → 2Cr³⁺ + 7H₂O

चार आणि सहा यांचा लसावि बारा. पहिलीला तीनने, दुसरीला दोनने गुणून बेरीज करा, दोन्हीकडचे H⁺ आणि पाणी वजा करा:

3CH₃CH₂OH + 2Cr₂O₇²⁻ + 16H⁺ → 3CH₃COOH + 4Cr³⁺ + 11H₂O

शेवटी प्रभार तपासा. डावीकडे –४ आणि +१६ मिळून +१२, उजवीकडे चार Cr³⁺ चे +१२. जुळलं.

५७३ केल्विनला तापवलेल्या तांब्यावरून बाष्प नेलं तर काय होतं?

प्राथमिक अल्कोहोलपासून अल्डिहाइड, द्वितीयकापासून कीटोन, आणि दोन्ही वेळा हायड्रोजन वायू सुटतो. इथे ऑक्सिडक नाही, पाणी नाही, म्हणून अल्डिहाइड पुढे जात नाही. तृतीयकाला काढून द्यायला तो हायड्रोजनच नसल्यामुळे त्याचं निर्जलीकरण होतं. (CH₃)₃COH पासून २-मिथिलप्रोपीन मिळतं.

ईस्टरीभवनात पाणी तयार होतं. त्यातला –OH कोणाचा, आम्लाचा की अल्कोहोलचा?

आम्लाचा. अल्कोहोल फक्त हायड्रोजन देतो. त्याचा ऑक्सिजन ईस्टरमध्येच राहतो.

हे नुसतं सांगून पटण्यासारखं नाही, कारण CH₃COOH + HOC₂H₅ असं कागदावर लिहिलं तर कोणत्याही बाजूने पाणी काढता येतं आणि उत्तर सारखंच दिसतं. १९३८ साली अर्व्हिंग रॉबर्ट्स आणि हॅरल्ड युरी यांनी ऑक्सिजनलाच खूण करून हा प्रश्न निकालात काढला. हे तेच युरी, ज्यांना ड्यूटेरिअमच्या शोधासाठी १९३४ चं नोबेल मिळालं होतं. त्यांनी ज्या मिथेनॉलमध्ये ¹⁸O या जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेलं होतं असं मिथेनॉल घेतलं आणि त्याची बेंझोइक आम्लाशी अभिक्रिया केली. जड ऑक्सिजन पाण्यात उतरला नाही, ईस्टरमध्ये राहिला. म्हणजे अल्कोहोलचा C–O बंध तुटलाच नव्हता.

अभिक्रियेच्या पायऱ्या पाहिल्या की हे का, तेही कळतं. सल्फ्युरिक आम्लाचा H⁺ कार्बोक्झिलिक आम्लाच्या C=O मधल्या ऑक्सिजनला जोडला जातो. (–OH च्या ऑक्सिजनला नव्हे, आकृती काढताना इथेच चूक होते.) त्यामुळे मधला कार्बन इलेक्ट्रॉनसाठी अधिक भुकेला होतो आणि अल्कोहोलचा ऑक्सिजन आपल्या इलेक्ट्रॉन-जोडीसह त्याला येऊन चिकटतो. आता त्या कार्बनला चार एकेरी बंध झाले. मग एक H⁺ या ऑक्सिजनवरून त्या ऑक्सिजनवर जातो, आम्लाकडून आलेला एक –OH पाणी बनून निघून जातो, आणि C=O पुन्हा उभा राहतो. शेवटी H⁺ सुटतो, म्हणून तो उत्प्रेरक.

संहत सल्फ्युरिक आम्ल थोडंच का घालायचं? जास्त घातलं तर अभिक्रिया आणखी लवकर होईल ना?

थोडं म्हणजे परीक्षानळीत काही थेंब. ते उत्प्रेरक म्हणून वेग वाढवतं आणि तयार होणारं पाणी काही अंशी धरून ठेवतं. दोन्ही कामं उत्तरात लिहा.

भरपूर घालून जोरात तापवलं तर अल्कोहोल भलत्याच वाटेला लागतो. इथेनॉलपासून ४१३ केल्विनच्या आसपास डायइथिल ईथर आणि ४४३ केल्विनला ईथीन तयार होतं. शिवाय गरम संहत सल्फ्युरिक आम्ल सेंद्रिय पदार्थ करपवतं. मिश्रण काळसर पडू लागलं की समजायचं, आम्ल किंवा उष्णता जास्त झाली.

ईस्टरीभवन कधीच पूर्ण का होत नाही? आणि उत्पादन वाढवायचं कसं?

कारण ते दोन्ही दिशांनी चालतं. ईस्टर आणि पाणी एकत्र असतील तर त्यांच्यापासून पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल होतात. इथेनॉल आणि इथेनॉइक आम्लाच्या बाबतीत समतोल स्थिरांक सुमारे ४ आहे. हा आकडा काय सांगतो ते करून बघू.

६.० ग्रॅम इथेनॉइक आम्ल आणि ४.६ ग्रॅम इथेनॉल घेतलं. आम्लाचं मोलर वस्तुमान ६०, इथेनॉलचं ४६, म्हणजे दोन्ही ०.१ मोल. गणित सोपं व्हावं म्हणून दोन्ही १ मोल धरू, शेवटी दहाने भागू. समतोलाला x मोल ईस्टर आणि x मोल पाणी झालं असेल, तर आम्ल आणि अल्कोहोल प्रत्येकी (१ – x) उरेल.

x² / (1 – x)² = 4

दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेतलं तर x / (1 – x) = 2, म्हणून x = 2/3. म्हणजे कितीही वेळ उकळत ठेवा, दोन-तृतीयांशाच्या पुढे गाडी सरकत नाही. प्रत्यक्षात ०.०६६७ मोल ईस्टर, मोलर वस्तुमान ८८, म्हणजे ५.९ ग्रॅमच्या आत-बाहेर. अभिक्रिया पूर्ण झाली असती तर ८.८ ग्रॅम मिळाला असता. इथे समतोल स्थिरांकात आकारमान आपोआप छेदून जातं, कारण दोन्ही बाजूंना दोन-दोन रेणू आहेत. म्हणून मोल थेट टाकले तरी चालतात.

आता इथेनॉल तिप्पट घेऊ: १ मोल आम्लाला ३ मोल इथेनॉल.

x² / [(1 – x)(3 – x)] = 4

यातून 3x² – 16x + 12 = 0 हे वर्गसमीकरण मिळतं. एक उत्तर ०.९० येतं, दुसरं ४.४ च्या वर जातं, आणि १ मोल आम्लापासून तेवढा ईस्टर होऊच शकत नाही, म्हणून ते सोडून द्यायचं. म्हणजे आम्लाचं ६७ टक्क्यांऐवजी ९० टक्के रूपांतर झालं. त्यासाठी दोन मोल इथेनॉल जादा ओतावं लागलं, म्हणून जो पदार्थ स्वस्त तोच जास्त घेतात.

दुसरा उपाय म्हणजे पाणी किंवा ईस्टर काढत राहणं. तिसरा उपाय थेट मार्गच बदलतो: आम्लाऐवजी आम्ल क्लोराइड किंवा आम्ल ॲनहायड्राइड घ्यायचं. त्यात पाणी तयार होत नाही, म्हणून परतीची ही वाट बंद होते.

आणि एक नेहमीचा चकवा: उत्प्रेरक वाढवल्याने ईस्टरचं प्रमाण वाढत नाही. सल्फ्युरिक आम्ल दोन्ही दिशांचा वेग वाढवतं. समतोलाला लवकर पोहोचवतं, समतोल हलवत नाही. पाणी धरून ठेवण्याचा परिणाम ही वेगळी गोष्ट आहे, दोन्हींची सरमिसळ नको.

प्रयोगशाळेत ईस्टर तयार झाला हे कसं ओळखायचं?

नळीत १ मिली इथेनॉल, १ मिली निर्जल इथेनॉइक आम्ल आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घ्या, नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात पाच-दहा मिनिटं धरा. सरळ ज्योतीवर नको. इथेनॉल आणि ईस्टर दोन्ही चटकन पेट घेतात.

नळी तशीच नाकाशी नेली तर इथेनॉइक आम्लाचा झणझणीत वास बाकी सगळं झाकून टाकतो, आणि ‘ईस्टर झालाच नाही’ असा निरोप मिळतो. म्हणून मिश्रण सोडिअम कार्बोनेटच्या विरल द्रावणात ओतायचं. उरलेलं आम्ल फसफसून संपतं, उरलेलं इथेनॉल पाण्यात मिसळतं, आणि ईस्टर पाण्यात कमी विरघळत असल्यामुळे वर तरंगतो. आता हाताने वारा घालून वास घ्या: गोडसर, फळासारखा. बुडबुडे येणं हा ईस्टरचा पुरावा नव्हे. ते उरलेल्या आम्लाचे आहेत. पुरावा म्हणजे वास आणि तरंगणारा थर.

फिनॉल आणि तृतीयक अल्कोहोल यांचेही ईस्टर होतात का?

होतात, पण या पद्धतीने नीट नाही. फिनॉलचा ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉन-जोडी बेंझीन वलयाशी वाटून घेतो, त्यामुळे हल्ला करायला दुबळा पडतो. त्याच्यासाठी आम्ल क्लोराइड किंवा ॲनहायड्राइड वापरतात. तृतीयक अल्कोहोल सल्फ्युरिक आम्लात पाणी टाकून अल्कीन होण्याकडे झुकतो.

ईस्टरचं जलअपघटन आम्लाने आणि NaOH ने, यात फरक काय?

आम्लाने केलं तर तीच उलटी वाट, म्हणून तेही अर्धवट. NaOH ने केलं तर कार्बोक्झिलेट आयन तयार होतो, आणि ऋण प्रभाराच्या या आयनावर अल्कोहोल हल्ला करू शकत नाही, म्हणून अभिक्रिया शेवटपर्यंत जाते. उत्तरात RCOOH नव्हे, RCOONa लिहा; आम्ल हवं असेल तर नंतर विरल HCl घालावं लागतं.

ओळखा पाहू छापाचा प्रश्न कसा सोडवायचा?

एक पूर्ण सोडवू. C₅H₁₀O₂ सूत्राच्या X या ईस्टरचं आम्लाने जलअपघटन केलं तर आम्ल Y आणि अल्कोहोल Z मिळतात. Z ला आम्लयुक्त डायक्रोमेटबरोबर गरम केलं तर W मिळतो. W टॉलेन्सच्या अभिकारकाला दाद देत नाही, पण आयोडीन आणि NaOH बरोबर पिवळा अवक्षेप देतो. Y देखील टॉलेन्सच्या अभिकारकाबरोबर चांदीचा आरसा देत नाही. X कोण?

ईस्टरच्या पाच कार्बनांची वाटणी Y आणि Z मध्ये होणार. W टॉलेन्सला दाद देत नाही, पण आयोडोफॉर्म देतो, म्हणजे तो CH₃CO– असलेला कीटोन, आणि Z द्वितीयक अल्कोहोल. द्वितीयक अल्कोहोलला निदान तीन कार्बन लागतात. म्हणून Z तीन किंवा चार कार्बनांचा. पाचही कार्बन त्याला देता येत नाहीत, कारण आम्लाला एक तरी हवाच.

Z तीन कार्बनांचा असेल तर प्रोपेन-२-ऑल, W प्रोपॅनोन, Y इथेनॉइक आम्ल. चार कार्बनांचा असेल तर ब्युटेन-२-ऑल, W ब्युटॅनोन, Y मिथेनॉइक आम्ल. दोन्ही कीटोन आयोडोफॉर्म देतात! बरेच जण पहिलं उत्तर सापडलं की तिथेच थांबतात, आणि Y बद्दलचं वाक्य वाचायचंच राहून जातं. निवाडा त्याच वाक्यात आहे. मिथेनॉइक आम्लात H–CO– हा भाग असतो, म्हणून ते आम्ल असूनही अल्डिहाइडसारखं वागतं आणि चांदीचा आरसा देतं. Y देत नाही, म्हणून Y इथेनॉइक आम्ल.

X = CH₃COOCH(CH₃)₂, प्रोपेन-२-इल इथेनोएट, म्हणजेच आयसोप्रोपिल इथेनोएट. नाव लिहिताना अल्कोहोलकडून आलेला भाग आधी, आम्लाकडून आलेला नंतर. संरचना मात्र बहुधा आम्लाच्या बाजूने लिहितात, त्यामुळे क्रम उलटा दिसतो. ज्या कार्बनला दुहेरी बंधाचा ऑक्सिजन आहे, तो आम्लाकडचा.

आता हाच प्रश्न एका बदलासह करून बघा: W आयोडोफॉर्म देत नाही, टॉलेन्सला मात्र दाद देतो, आणि Z मध्ये तीन कार्बन आहेत. Z प्रोपेन-१-ऑल होतो, W प्रोपॅनॅल, X प्रोपिल इथेनोएट. यात W अल्डिहाइड म्हणून हाती यायचा तर प्रश्नात पीसीसी किंवा ‘लगेच ऊर्ध्वपातन’ असं लिहिलेलं हवं. तिथे ‘रिफ्लक्स’ असेल तर W प्रोपॅनोइक आम्ल असेल आणि टॉलेन्सची नळी कोरीच राहील.